जांभळा रंग, सरळ रेघ आणि बिडातलं मँगनीज



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते विज्ञान शिकवताना फळ्यावर एकच गोष्ट लिहीत आणि तास संपेपर्यंत तिच्यावरच बोलत. मीही आज एकच गोष्ट घेऊन आलो आहे. रंगीत द्रावणातून प्रकाश पाठवला, यंत्रावर ०.५७१ असा आकडा आला. मग ‘या बिडात मँगनीज ०.६४ टक्के आहे’ असं आपण कशाच्या बळावर म्हणतो?

यंत्राच्या बळावर नव्हे, हे आधीच सांगतो. यंत्राला मँगनीज ठाऊक नाही. किती उजेड आत गेला आणि किती बाहेर आला, एवढंच त्याला कळतं. त्या उजेडापासून मँगनीजपर्यंत जायची वाट म्हणजे आपण स्वतः काढलेली एक सरळ रेघ. आजचं व्याख्यान त्या रेघेबद्दल आहे. ती कशी काढायची, तिच्यावर कुठपर्यंत विसंबायचं, आणि ती कधी फसवते.

मँगनीजच का? कारण आपण मच्छेत बसलो आहोत. या गावाला एका बाजूला विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचा ‘ज्ञानसंगम’ परिसर आहे, दुसऱ्या बाजूला औद्योगिक वसाहत, आणि बेळगावच्या दिशेनं गेलं की उद्यमबाग. या पट्ट्यात ओतकाम काय असतं हे शाळकरी पोरालाही सांगावं लागत नाही. राखाडी बिडात मँगनीज साधारण अर्धा ते पाऊण टक्का ठेवतात. त्याचं पहिलं काम गंधकाला पकडून ठेवणं. मँगनीज कमी पडलं तर गंधक लोखंडाशी जुळतं, ग्रॅफाइटची मांडणी बिघडते, पातळ कडा पांढऱ्या आणि कडक होतात, आणि मशीनशॉपमधला माणूस तुटलेलं टूल घेऊन तुमच्या दारात उभा राहतो. म्हणून जुने ओतारी हिशेब ठेवतात तो असा: गंधकाच्या टक्केवारीच्या १.७ पट, अधिक ०.३. गंधक ०.१ टक्का असेल तर मँगनीज निदान ०.४७ हवं. उलट एसजी आयर्नच्या मऊ प्रतीत मँगनीज वाढलं की कास्टिंग कडक होतं, म्हणून तिथं ते मुद्दाम कमी ठेवतात. टक्क्याच्या दुसऱ्या दशांश स्थळावर माल पास की नापास ठरतो.

आता तुम्ही विचाराल, आमच्याकडे ‘स्पेक्ट्रो’ आहे की, मिनिटाभरात सगळे घटक छापून देतो, मग हा जांभळ्या पाण्याचा उद्योग कशाला? रास्त प्रश्न आहे. फाउंड्रीतला तो स्पेक्ट्रो नमुन्यावर ठिणगी पाडतो आणि ठिणगीचा उजेड वाचतो. त्याला भट्टीतून काढून तांब्याच्या साच्यात झटकन गार केलेली पांढरी चकती लागते. ग्रॅफाइट सुटलेल्या राखाडी तुकड्यावर त्याचा भरवसा धरता येत नाही. पण तक्रार येते ती तयार कास्टिंगची. गिऱ्हाईक म्हणतो, ‘तुमच्या चकतीचं मला काय करायचं, या हाउसिंगमध्ये काय आहे ते सांगा.’ तेव्हा त्या हाउसिंगला ड्रिल मारायचं, बुरादा घ्यायचा आणि आम्लात विरघळवायचा. तिथं आपला हा साधा, मेजावर मावणारा स्पेक्ट्रोफोटोमीटर कामाला येतो.

बुरादा कसा घ्यायचा, ही पहिली पायरी. कास्टिंगच्या वरच्या कातडीला साच्याची वाळू चिकटलेली असते, ती काढून टाकायची. ड्रिल कोरडं चालवायचं. कूलंटचं तेल लागलंच तर अॅसिटोननं धुवायचं, कारण पुढे जो जांभळा रंग आपल्याला हवा आहे तो तेलाच्या अंशानंही नासतो. असा स्वच्छ बुरादा ०.२ ग्रॅम, चार दशांश स्थळांच्या तराजूवर.

तो नायट्रिक, फॉस्फोरिक आणि सल्फ्युरिक आम्लांच्या पातळ मिश्रणात गरम करायचा. तपकिरी धूर येतो, म्हणून फ्यूम हूडखालीच. हायड्रोक्लोरिक आम्ल मात्र जवळ आणायचं नाही, क्लोराइड आपल्या रंगाचा वैरी आहे. लोखंड विरघळतं, ग्रॅफाइट विरघळत नाही, काळा गाळ राहतो. तो आत्ताच गाळायचा, रंग आल्यानंतर नाही. परमँगनेट कागदाला खातं आणि कागद परमँगनेटला खातो. मग अमोनियम परसल्फेट घालून उकळायचं, म्हणजे विरघळलेल्या कर्बाचा उरलासुरला भाग जळून जातो. शेवटी पोटॅशियम पिरियोडेट चिमूटभर, पुन्हा उकळी, आणि दहा मिनिटं गरम ठेवायचं.

हा क्षण मला अजूनही आवडतो. फिक्कट पाण्यात आधी गुलाबी छटा येते, आणि बघता बघता सगळं भांडं जांभळं होतं. विहिरीत टाकतात ते पोटॅश तुम्ही पाहिलं आहे, हाच तो रंग. बिडातलं सगळं मँगनीज आता परमँगनेट झालं. लोखंड त्याच्या कितीतरी पट जास्त आहे, पण फॉस्फोरिक आम्लानं त्याला जवळजवळ रंगहीन करून ठेवलं आहे. आम्ल कमी पडलं तर जांभळ्याऐवजी तपकिरी गढूळपणा येतो. तसं झालं की ते भांडं ओतून द्यायचं आणि पुन्हा सुरुवात करायची, त्याला वाचवायच्या फंदात पडायचं नाही. गार झालं की १०० मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये खुणेपर्यंत भरायचं.

आता उजेड. जांभळं द्रावण जांभळं दिसतं कारण ते हिरवा उजेड गिळतं. म्हणून यंत्राला हिरवाच उजेड पाठवायला सांगायचा. परमँगनेटचे दोन सुळके आहेत, एक ५२५ नॅनोमीटरला आणि दुसरा ५४५ला. ५२५चा किंचित उंच. तरी मी ५४५ घेतो. बिडात क्रोमियम असलं तर त्याचाही काही भाग पिरियोडेटनं पिवळा-नारिंगी होतो, आणि तो रंग ५४५ला जवळपास काहीच उजेड गिळत नाही. थोडी उंची गेली तरी चालेल, परक्याचा आवाज आपल्या मापात मिसळायला नको.

उजेड किती गेला हे मोजायची पद्धत जरा नीट समजून घेऊ, कारण सरळ रेघ इथूनच जन्माला येते. कल्पना करा, एका रस्त्यावर ओळीनं नाके आहेत आणि प्रत्येक नाका तुमच्या खिशात उरलेल्या पैशातला निम्मा भाग घेतो. शंभर रुपये घेऊन निघालात तर पहिल्या नाक्यानंतर पन्नास, मग पंचवीस, मग साडेबारा. नाके दुप्पट केले म्हणून खर्च दुप्पट होत नाही. उजेडाचं असंच आहे. द्रावणाचा प्रत्येक थर उरलेल्या उजेडातला ठरावीक हिस्सा गिळतो. म्हणून ‘किती टक्के उजेड बाहेर आला’ हा आकडा आणि मँगनीजचं प्रमाण यांचा आलेख काढला तर तो वाकडा येतो. पण त्या टक्केवारीचं लॉगरिदम घेतलं की दर थराला सारखीच भर पडते. त्यालाच अॅब्सॉर्बन्स म्हणतात. दहा टक्के उजेड बाहेर आला तर अॅब्सॉर्बन्स १. एकच टक्का आला तर २. हजारातला एक आला तर ३.

बूगेरनं १७२९ साली थरांची ही गोष्ट सांगितली, लांबर्टनं १७६० साली ती गणितात बसवली आणि बीअरनं १८५२ साली ती रंगीत द्रावणांच्या प्रमाणाशी जोडली. परीक्षेत बूगेरचं नाव सहसा गळतं, बिचारा. एवढा इतिहास पुरे.

तर अॅब्सॉर्बन्स प्रमाणाच्या पटीत वाढतो. पण किती पटीत? ते पुस्तकातून घेऊ नका. पुस्तकातला आकडा पुस्तकवाल्याच्या यंत्राचा. तुमच्या यंत्राच्या फटीची रुंदी, तुमच्या क्युव्हेटची काच, तुमच्या तरंगलांबीच्या चकतीची एखाद-दुसऱ्या नॅनोमीटरची चूक, हे सगळं तुमचंच आहे. म्हणून ओळखीच्या द्रावणांवर तुमच्याच यंत्राला विचारायचं.

ओळखीची द्रावणं म्हणजे स्टँडर्ड. शुद्ध मँगनीज धातू ०.१०० ग्रॅम घेऊन पातळ नायट्रिकमध्ये विरघळवायचा आणि एक लिटर करायचं. दर लिटरला १०० मिलिग्रॅम मँगनीज झालं. यातलं ५, १०, १५ आणि २० मिलिलिटर चार भांड्यांत घ्यायचं, पाचव्यात काही नाही. आणि इथं एक काम बहुतेक जण टाळतात ते करायचं. पाचही भांड्यांत ज्यात मँगनीज जवळपास नाही असं शुद्ध लोखंड ०.२ ग्रॅम घालायचं. मग आम्ल, परसल्फेट, पिरियोडेट, उकळी, १०० मिलिलिटर, सगळं नमुन्यासारखंच. लोखंड कशाला? कारण नमुन्यात लोखंड आहे. स्टँडर्ड जितकं नमुन्यासारखं, तितकी रेघ नमुन्याला लागू पडते. साध्या पाण्यातल्या परमँगनेटवर सुरेख रेघ निघते, पण ती साध्या पाण्यातल्या परमँगनेटबद्दल बोलते. आपलं गिऱ्हाईक साधं पाणी घेऊन आलेलं नाही.

आता वाचन. शिकायला सोपे पडावेत म्हणून आकडे मी आटोपशीर घेतले आहेत, पण एक सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये ते असेच काहीसे येतात. मँगनीज शून्य, ५, १०, १५ आणि २० मिलिग्रॅम दर लिटरला. अॅब्सॉर्बन्स अनुक्रमे ०.००२, ०.२१६, ०.४३३, ०.६४७ आणि ०.८६१. आलेखाच्या कागदावर ठिपके मांडा, पट्टी लावा, रेघ ओढा. कॅल्क्युलेटरनं काढली तर चढ येतो ०.०४२९८ आणि रेघ उभ्या अक्षाला ०.००२ वर भेटते. म्हणजे लिटरमध्ये एक मिलिग्रॅम मँगनीज वाढलं की अॅब्सॉर्बन्स सुमारे ०.०४३नं वाढतो. यंत्राची भाषा आणि रसायनाची भाषा यांच्यातला दुभाषा तो हाच एक आकडा.

नमुना आला ०.५७१. भागाकार करून मोकळं व्हायचं का? नाही. थांबा. या ०.५७१ मध्ये परमँगनेटचा वाटा किती आणि इतरांचा किती? नमुन्यात निकेल असेल, तांबं असेल, गाळणीतून निसटलेला सिलिकाचा गढूळपणा असेल. यातलं काहीही उजेड अडवू शकतं, आणि यंत्र कुणाच्याही कपाळावर नाव वाचत नाही. यावर जुन्या रसायनवाल्यांची एक युक्ती आहे. वाचन झालं की त्याच क्युव्हेटमध्ये सोडियम नायट्राइटच्या द्रावणाचा एक थेंब टाकायचा. जांभळा रंग डोळ्यांदेखत नाहीसा होतो. परमँगनेट गेलं, बाकी सगळं जागच्या जागी आहे. क्युव्हेट न हलवता पुन्हा वाचा. समजा ०.०१८ आलं. ०.५७१ मधून ०.०१८ वजा केले, ०.५५३ राहिले. हा परमँगनेटचा खरा वाटा. स्टँडर्डही थेंब टाकून असेच तपासता येतात. त्यांच्यात शिल्लक काही नसेल, तर जे वजा झालं ते नमुन्याचंच होतं.

आता भागाकार. ०.५५३ मधून रेघेचे ०.००२ काढा, ०.५५१. त्याला ०.०४२९८नं भागा, १२.८ मिलिग्रॅम दर लिटर. आपला फ्लास्क लिटरचा दहावा भाग, म्हणजे १.२८ मिलिग्रॅम मँगनीज. तेवढं २०० मिलिग्रॅम बुराद्यातून आलं. ०.६४ टक्के. नायट्राइटचा थेंब टाकला नसता तर? ०.६६ आलं असतं. फरक थोडा वाटतो. पण थेंबानंतर शिल्लक ०.०१८ ऐवजी ०.१५ आली असती तर वजाबाकी करूनही त्या नमुन्यावर मी सही केली नसती. एवढी शिल्लक म्हणजे गाळणी नीट झाली नाही, आणि गढूळपणा दर मिनिटाला बदलतो.

क्युव्हेटबद्दल दोन शब्द सांगायचे राहिले. खरखरीत बाजूनंच धरायची, पारदर्शक बाजूला बोट लागलं की तेही मोजलं जातं. एकच क्युव्हेट सगळ्या वाचनांना, एकाच बाजूनं. आतल्या भिंतीला बुडबुडा नको. आणि फिक्कट द्रावण आधी, गडद नंतर, या क्रमानं. झालं.

आता रेघ कुठं संपते ते पाहू. आपली रेघ २० मिलिग्रॅमला संपते. कागद पुढे रिकामा आहे म्हणून पट्टी लावून तिला पुढे न्यायचा मोह होतो. का न्यायची नाही? यंत्रात हिरव्या उजेडाबरोबर थोडा भटका उजेड कायम असतो, जो द्रावणातून न गिळला जाता सरळ यंत्राच्या डोळ्यापर्यंत पोहोचतो. हा भटका उजेड एक टक्का आहे असं धरा. खरा अॅब्सॉर्बन्स १ असताना यंत्र ०.९६ दाखवेल. खरा २ असताना फक्त १.७०. द्रावण कितीही गडद करा, यंत्र दोनच्या पुढे जाणार नाही. म्हणजे वरच्या टोकाला रेघ जमिनीकडे वाकते, आणि प्रमाण खऱ्यापेक्षा कमी दिसतं. चांगल्या यंत्रात भटका उजेड याच्या कितीतरी कमी असतो, म्हणून वाकण वर सरकतं, पण नाहीसं होत नाही.

खडी फोडणाऱ्या क्रशरच्या जबड्याचं पोलाद पाहा. त्यात मँगनीज बारा टक्क्यांच्या आसपास असतं. त्याचा ०.२ ग्रॅम बुरादा याच रीतीनं १०० मिलिलिटरमध्ये नेला तर लिटरला २४० मिलिग्रॅम होतात. हिशेबानं अॅब्सॉर्बन्स दहाच्या वर! कुठलंही मेजावरचं यंत्र तो वाचणार नाही, तीनच्या आसपास काहीतरी डळमळीत आकडा दाखवेल. मग पातळ करायचं. पण कधी? रंग आणल्यावर पाणी ओतून? त्या पाण्यात धूळ असते, सेंद्रिय अंश असतो, तो परमँगनेट खातो. म्हणून आधी रंगाशिवाय विरघळलेलं १०० मिलिलिटर करायचं, त्यातलं ५ मिलिलिटर घ्यायचं आणि त्याला पिरियोडेट देऊन पुन्हा १०० करायचं. आता १२ मिलिग्रॅम, रेघेच्या ऐन मध्यात. ज्यांना रंग आल्यावरच पातळ करावं लागतं, ते पाणीही आधी पिरियोडेट घालून उकळून घेतात, म्हणजे त्यात जे काही खाणारं आहे ते आधीच तृप्त होतं. रंग टिकतो का हे कळायला साधी परीक्षा आहे. दहा मिनिटांनी पुन्हा वाचा. आकडा घसरला असेल तर कुणीतरी खात आहे.

शेवटची गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यांत दुर्लक्षित. हल्ली संगणक रेघेखाली आर-वर्ग छापतो. ०.९९९९ दिसलं की मुलं खूश. पण आर-वर्ग काय सांगतो? ठिपके एका ओळीत आहेत एवढंच. ओळ बरोबर ठिकाणी आहे का, याबद्दल तो मूक आहे. मँगनीज धातूच्या कपच्यांवर तपकिरी गंज चढतो. तो पातळ आम्लानं न धुता वजन केलंत आणि वजनातले पाच टक्के असे मँगनीज नसलेले निघाले, तर काय होईल? पाचही स्टँडर्ड एकाच प्रमाणात हलके पडतील. ठिपके तितकेच सरळ राहतील. आर-वर्ग जसाच्या तसा राहील. फक्त चढ ०.०४२९८ ऐवजी ०.०४०८ होईल, आणि आपलं ०.६४चं बीड ०.६७च्या वर जाईल. चुकीची रेघसुद्धा सरळ असू शकते.

मग कळणार कसं? दोन गोष्टी. पहिली, चढांची वही. दर वेळी काढलेला चढ तारखेसह लिहून ठेवायचा. तेच यंत्र, तीच तरंगलांबी, तीच क्युव्हेट असेल तर चढ महिनोन्महिने एका जागी राहतो. तो एकदम पाच टक्क्यांनी हलला तर नमुना बाजूला ठेवा आणि स्टँडर्डचा माग काढा. दुसरी, प्रमाणित बिडाचा नमुना, ज्याचं मँगनीज स्वतंत्रपणे ठरवून प्रमाणपत्रावर दिलेलं असतं. तो अनोळखी नमुन्यासारखाच ड्रिलच्या बुराद्यापासून पूर्ण वाटेनं न्यायचा. तो प्रमाणपत्रावरच्या आकड्याशी जुळला, तर तुमचं वजन, तुमचं विरघळवणं, तुमचा रंग आणि तुमची रेघ, सगळं एकदम तपासलं गेलं. स्टँडर्ड ज्या बाटलीतून बनवलं त्याच बाटलीतून तपासणीचं द्रावण करू नका. बाटली स्वतःबद्दल चांगलंच बोलणार.

आणि उत्तर लिहिताना किती आकडे लिहायचे? कॅल्क्युलेटर ०.६४१ देईल, आणखी दाबलंत तर ०.६४१० देईल. पण यंत्राचा शेवटचा आकडाच एक-दोननं डोलतो. ०.००२ चा डोल म्हणजे आपल्या रेघेवर सुमारे ०.०५ मिलिग्रॅम दर लिटर, म्हणजे टक्केवारीत ०.००२ च्या आसपास. त्यात वजनाची, फ्लास्कच्या खुणेची आणि ड्रिलनं कुठून बुरादा घेतला याची भर पडते, आणि ही भर यंत्राच्या डोलापेक्षा मोठी असते. म्हणून एकाच बुराद्याच्या दोन वेगळ्या वजनांतून सगळं दोनदा करायचं. एक ०.६४ आणि दुसरं ०.६५ आलं तर मी ०.६४ किंवा ०.६५ लिहीन, हात थरथरणार नाही. एक ०.६४ आणि दुसरं ०.७१ आलं तर सरासरी काढून ०.६८ लिहिणार नाही. तिसरं वजन घेईन, आणि आधी त्या दोन्ही भांड्यांच्या तळाशी काळा गाळ राहिला होता का ते पाहीन. गिऱ्हाइकाच्या ड्रॉइंगवर ०.६० ते ०.८० असं लिहिलेलं असेल, तर ०.६४ त्यात बसतं. पण ०.६० अगदी सीमेवर येत असेल, तर अहवालात ‘०.६०, दोन वजनांत ०.०२ चा फरक’ असं सरळ लिहा आणि निर्णय ज्याच्या सहीचा आहे त्याच्याकडे सोपवा.